मदत हवी आहे: नंबर लपवलाय असं ॲप म्हणतं, तरी डिलिव्हरीवाल्याचे मेसेज येतात. नंबर नेमका कुठून गेला?

निरांजन
घरी आई आणि बहीण दोघीच असतात. परवा बहिणीच्या नावाने एक पार्सल आलं. दोन दिवसांनी ते आणून देणाऱ्या माणसाचे व्हॉट्सॲपवर "हाय", "ओळखलंत का" असे मेसेज सुरू झाले. त्याला ब्लॉक केलं आणि ॲपवर तक्रारही केली. पण ज्या शॉपिंग ॲपवरून मागवलं, तिथे स्पष्ट लिहिलंय की डिलिव्हरी करणाऱ्याला ग्राहकाचा नंबर दिसत नाही. मग तो मिळाला कसा? आणि त्याला घरही माहीत झालंय, तर पुढच्या वेळी काय बदलायचं?
दुसरं म्हणजे रिकामे खोके आम्ही तसेच रद्दीत देतो. लेबल नीट नष्ट करायची खात्रीची पद्धत सांगा.

पारवा
बहिणीने त्याला लोकेशन पाठवलं असणार. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं की नंबर गेलाच. बाकी ॲपवाले नंबर लपवतात, त्याची काळजी नको. लेबलवर सॅनिटायझर चोळा, अक्षरं उडतात, विषय संपला.

निरांजन
@पारवा, लोकेशन पाठवलं होतं खरं. आधी एका अनोळखी नंबरवरून कॉल आला, तो तिने उचलला नाही. पाच मिनिटांनी दुसऱ्या मोबाइल नंबरवरून आला. त्या कॉलवर त्याने "घर सापडत नाही, लोकेशन टाका" असं सांगितलं, म्हणून तिने टाकलं.

ताम्हण
निरांजन, लोकेशन ज्या नंबरवर पाठवलं आणि दुसरा कॉल ज्या नंबरवरून आला, ते दोन्ही एकच आहेत का ते आधी बघा. एकच असतील तर नंबर लोकेशनमुळे गेलेला नाही.

नंबर लपवणारी सोय अशी चालते: तो माणूस त्याच्या ॲपमधलं कॉलचं बटण दाबतो, कॉल मधल्या एका नंबरवर जातो आणि तिथून तुमच्याकडे जोडला जातो. तुम्हाला मधला नंबर दिसतो, त्यालाही मधलाच दिसतो. तुमचा पहिला न उचललेला कॉल बहुधा असाच होता. दुसरा कॉल त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून थेट आला असेल, तर लोकेशन मागण्याच्या आधीच बहिणीचा नंबर त्याच्याकडे होता. मग तो एकाच ठिकाणी सहज वाचता येतो, तो म्हणजे पार्सलवरच्या लेबलवर. खोका अजून घरात असेल तर बघून सांगा.

निरांजन
खोका आहे. नंबर दोन्ही वेळी एकच आहे. आणि लेबलवर पत्त्याच्या खाली बहिणीचा पूर्ण नंबर छापलाय! लेबलवर शॉपिंग ॲपचं नाव नाही, वेगळ्याच कुरिअर कंपनीचं आहे.

कवडसा
हे नेहमी घडतं. मी विक्रेत्यांचं पॅकिंग बघते म्हणून सांगते. शॉपिंग साइट स्वतःच्या माणसांकडून माल पोचवते तेव्हा लेबलवर नंबर छापायची तिला गरज नसते, सगळं तिच्या ॲपमध्येच असतं. पण विक्रेता माल आपल्या कुरिअरने पाठवतो, तेव्हा ग्राहकाचं नाव, पत्ता आणि नंबर त्याला कुरिअरच्या प्रणालीत भरावा लागतो. लेबल तिथून छापलं जातं आणि बऱ्याच ठिकाणी नंबरासकट छापलं जातं. शॉपिंग ॲपचं नंबर लपवणं तिथवर पोचतच नाही.

ऑर्डर देण्याआधी हे ओळखायचं तर वस्तूच्या पानावर "कोण पाठवणार" ही ओळ वाचा. तिथे विक्रेत्याचं नाव असेल, तर नंबर लेबलवर येणार असं धरून चाला. ट्रॅकिंगसाठी बाहेरच्या कुरिअरच्या पानावर जावं लागलं तरी तोच अर्थ.

ताम्हण
कवडसांनी कारण अचूक सांगितलं. आता उपाय.

बहुतेक शॉपिंग ॲपमध्ये दोन नंबर असतात. एक खात्याचा, ज्याने लॉगिन होतं, आणि दुसरा जतन केलेल्या पत्त्यातला संपर्क क्रमांक. कुरिअरकडे आणि लेबलवर जातो तो दुसरा. आपण सगळे दोन्हीकडे एकच टाकतो, तिथे गडबड होते. पार्सलसाठी वेगळं सिम किंवा ई-सिम घ्या आणि पत्त्याच्या नोंदीत फक्त तो नंबर टाका. लॉगिनचा नंबर तोच राहू द्या. पार्सलच्या नंबरवर व्हॉट्सॲप चालू करू नका, म्हणजे कुणी जपून ठेवला तरी त्यावर फोटो दिसत नाही की मेसेज येत नाही, फक्त कॉल आणि साधा एसएमएस येतो.

यात तीन ठिकाणी चूक होते. एक, पत्ता ऑर्डर दिल्यावर बदलला तर लेबल आधीच जुन्या नंबराने तयार झालेलं असू शकतं, म्हणून आधी बदला. दोन, पार्सल हातात देताना मागतात तो ओटीपी काही ॲप खात्याच्या नंबरवर पाठवतात, काही पत्त्यातल्या. एखादी लहानशी ऑर्डर देऊन कुठे येतो ते बघून घ्या, नाहीतर दारात माणूस उभा आणि ओटीपी दुसऱ्याच फोनवर, असं होतं. तीन, ते सिम रिचार्ज न करता पडून राहिलं तर बंद होतं आणि तो नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. म्हणून तो बँकेला किंवा कुठल्याही लॉगिनला जोडू नका, आणि सोडायचा असेल तर आधी सगळ्या पत्त्यांमधून काढा.

राहिला लोकेशनचा प्रश्न. तो माणूस लोकेशन मागतो, कारण ॲपमधल्या नकाशावरची खूण चुकीच्या जागी असते. पत्ता टाइप केला की ॲप ती अंदाजाने लावतं, बऱ्याचदा मागच्या गल्लीत. पत्ता संपादित करून ती खूण बोटाने सरकवून इमारतीच्या फाटकावर आणा. मग मागणीच बरीच कमी होते. मात्र फाटकाचा कोड, "किल्ली शेजारी आहे" असलं काही पत्त्याच्या ओळींत लिहू नका, त्या ओळी जशाच्या तशा लेबलवर छापल्या जातात.

मनवा
आमच्याकडे वेगळंच झालं. न मागवलेल्या पार्सलबद्दल कॉल आला. माझं नाव, पूर्ण पत्ता सगळं बरोबर सांगितलं आणि म्हणाले, पार्सल अडकलंय, डिलिव्हरीवाल्याशी जोडून देतो, हा नंबर डायल करा. स्टार स्टार एकवीस असं काहीतरी. मी केला. तेव्हापासून कॉल येत नाहीत. यावर काय करू?

ताम्हण
मनवाताई, आधी हे करा, बाकी नंतर वाचा. तुम्ही जे डायल केलंत त्याने तुमचे येणारे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले गेलेत. कॉलवर सांगितले जाणारे ओटीपीही तिकडेच जातात. कॉल कुठे वळवलेत ते बघायला:

```
*#21#
```

अनोळखी नंबर दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि सगळं वळवणं रद्द करा:

```
##002#
```

परत पहिला कोड टाकून बंद झाल्याची खात्री करा. काही मोबाइल कंपन्यांचे कोड वेगळे असतात. हे चाललं नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग बघा किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेकडून बंद करून घ्या. मग बँकेला कळवा आणि व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

नाव आणि पत्ता बरोबर सांगितल्यामुळेच माणसाचा विश्वास बसतो, आणि ही माहिती टाकून दिलेल्या लेबलवरही मिळते. पार्सल पोचवायला ग्राहकाने कोड डायल करायची गरज कधीच नसते.

मनवा
एक अनोळखी नंबर होता. रद्द झाला, आत्ताच बहिणीचा कॉल आला. बँकेला फोन लावते आहे.

पारवा
बरं झालं. लेबलवर मीही चुकलो का? सॅनिटायझरने माझ्याकडे अक्षरं जातात.

ताम्हण
अर्धं बरोबर आहे. कुरिअरची बरीच लेबलं उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदाची असतात, त्यात शाईच नसते. वर थर नसलेल्या अशा कागदावर अल्कोहोल काम करतं, पण संरक्षक थर असलेल्या लेबलवर ते नुसतं ओघळून जातं. आणि काही लेबलं रिबनच्या शाईने छापलेली असतात, त्यांना उष्णतेनेही काही होत नाही.

ओळखायचं कसं? कोऱ्या भागावर नखाने जोरात ओरखडा काढा. करडी रेघ उमटली तर तो उष्णतेचा कागद. मग हेअर ड्रायर जवळ धरा. डिंक मऊ होऊन लेबल सोलून निघतं. सोललेल्या लेबलवर साधा कागद ठेवून मध्यम गरम इस्त्री काही सेकंद फिरवली की सगळं एकसारखं काळं होतं. रेघ उमटली नाही तर कात्रीच घ्या, आणि नंबराच्या ओळीवरून आडवी न कापता आकड्यांच्या मधून उभी कापा.

मार्करने खोडण्यावर विसंबू नका. कागद तिरपा धरला की खालची छपाई चमकून वाचता येते. बारकोडही सोडू नका, त्यात बहुधा ट्रॅकिंग क्रमांक असतो, आणि तो सांगून "तुमच्या पार्सलबद्दल बोलतोय" म्हणणं सोपं होतं.

कवडसा
भर घालते. खोक्यावर चिकटवलेली प्लास्टिकची पिशवी उघडून आतलं बिल काढा. लोक लेबल फाडतात आणि नाव, पत्ता, मागवलेली वस्तू असं सगळं असलेलं बिल तसंच खोक्यासोबत जातं.

निरांजन
नखाची रेघ उमटली, इस्त्रीने लेबल पूर्ण काळं झालं. पत्त्यातला नंबरही बदलतो.
नावाचं काय? बहिणीच्या पूर्ण नावाऐवजी फक्त आद्याक्षर आणि आडनाव टाकलं तर?

पारवा
टाका की. घराचा नंबरही शेजारचा टाका, फोन आला की खाली जाऊन घ्यायचं.

कवडसा
घराचा नंबर चुकवू नका. फोन लागला नाही तर पार्सल शेजारी जातं किंवा "पत्ता सापडला नाही" म्हणून परत येतं. आद्याक्षर दारात चालतं, पण पार्सल केंद्रावरून ओळखपत्र दाखवून घ्यायचं असेल तर नाव जुळलं नाही म्हणून अडवतात.

ताम्हण
मला वाटतं दोघीच राहत असतील तर आद्याक्षर तरी ठेवाच. दारात घ्यायच्या पार्सलला एक पत्ता-नोंद, केंद्रावरच्याला पूर्ण नावाची दुसरी.

आणि त्या माणसाला घर माहीत झालंय, ते नंबर बदलून पुसलं जात नाही. तक्रार शॉपिंग ॲपवर केलीत, पण लेबल दुसऱ्या कुरिअरचं आहे, म्हणजे तो त्यांचा माणूस. ट्रॅकिंग क्रमांक आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन कुरिअरकडे वेगळी लेखी तक्रार करा. लेबल इस्त्री करण्याआधी फोटो काढला होता ना?

निरांजन
फोटो आहे, ट्रॅकिंग क्रमांक वाचता येतोय. आज तक्रार करतो.
एक राहिलं. वस्तू परत करायची असेल तेव्हा तो माणूस घरी येऊन पार्सल नेतो, तेव्हा पाठवणारा म्हणून आमचाच पत्ता आणि नंबर लेबलवर असतो आणि ते विक्रेत्याच्या हातात जातं. तिथे काही करता येतं का?

कवडसा
नंबर पत्त्याच्या नोंदीतूनच जातो, तर तो नवीनच जाईल. केंद्रावर स्वतः नेऊन द्यायची सोय असेल तर घरी माणूस येणं तरी टळतं. पण मूळ ऑर्डर जुन्या नंबराने दिलेली असेल तर परतीचं लेबल कुठला नंबर घेतं, हे ॲपगणिक वेगळं दिसलंय मला. कुणी हल्ली तपासलं असेल तर सांगा.