मदत हवी आहे: एकच न्यायाधीश, दोन निराळे नियम?

कायद्याचा अर्थ लावताना शब्दशः अर्थाचा नियम आणि कायद्याला जो दोष दूर करायचा होता तो पाहणारा दोषनिवारणाचा नियम यांतील निवड कशी होते, हे कृपया कोणी समजावून सांगावे. इंग्लंडमधील स्मिथ विरुद्ध ह्यूजेस (1960) खटल्यात न्यायाधीश लॉर्ड पार्कर यांनी कायद्याचा हेतू पाहून, खिडकीतून वा सज्जातून वेश्येने केलेली खुणवाखुणवीही ‘रस्त्यावर’ घडली असे मानले. परंतु फिशर विरुद्ध बेल खटल्यात, दुकानाच्या काचेआड किमतीसह मांडलेला खटक्याचा चाकू म्हणजे करारकायद्यानुसार ‘विक्रीचा प्रस्ताव’ नव्हे, असे म्हणून त्यांनीच दुकानदाराची निर्दोष सुटका कायम ठेवली. (ती फट संसदेने 1961 मध्ये बुजवली.) ‘प्रस्ताव’ या शब्दाला ठरलेला कायदेशीर अर्थ होता, एवढ्यानेच हा फरक पडला का? सुवर्णनियमाने, म्हणजे शब्दशः अर्थातून निघणारा विसंगत निष्कर्ष टाळण्यासाठी वेगळा अर्थ घेऊन, निकाल बदलला असता का?