स्वयंपाकघराचा 16 अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो. 32 चा लावू का?

मीनल_गिरगाव
आमची इमारत जुनी आहे, तिसरा मजला. वायरिंग सासऱ्यांनी 1985 च्या सुमारास करून घेतलेलं, बोर्डावरचे एमसीबी मात्र चार वर्षांपूर्वी बसवले. स्वयंपाकघर आणि लागूनची मोरी, दोन्हींना मिळून एकच 16 चा एमसीबी. मोरीत गीझर 2000 वॅट. ओट्यावर इंडक्शन 2000, मायक्रोवेव्ह 800, फ्रिज 150, मिक्सर 750.

सकाळी गीझर चालू आणि इंडक्शनवर चहा, इथपर्यंत सगळं ठीक. त्यात मायक्रोवेव्ह लावला की पाच-सात मिनिटांनी खटका पडतो. लगेच नाही, पाच-सात मिनिटांनी! पडल्या पडल्या वर केला तर पुन्हा पडतो, थोडं थांबून केला की राहतो. परवा गॅसवर फोडणी टाकली आणि अंधार झाला, मोबाईलचा टॉर्च दातात धरून कढई उतरवली.

वायरमन आला होता. म्हणाला, "ताई, 32 चा टाकतो, कटकटच नको." टाकू दे का? घरात दोन मतं आहेत. यजमान म्हणतात 32 टाक, सासूबाई म्हणतात मायक्रोवेव्ह विकून टाक.

पराग_डोंबिवली
गीझरला उगाच दोष देऊ नका. 2000 वॅटचा गीझर पाव तास चालला की अर्धा युनिट. फ्रिज बघा, तो दिवसरात्र लागलेला, रोजचा सव्वा युनिट तरी खातो. माझ्या मते लोड फ्रिजचा आहे, त्याची लाइन वेगळी करा.

शुभदा_के
आमचंही बिल मे महिन्यात दुप्पट आलं होतं. मीटर तपासायला अर्ज करा, फुकट तपासतात की पैसे लागतात ते आठवत नाही आता.

मीनल_गिरगाव
शुभदाताई, बिलाची तक्रार नाहीये हो, खटका पडतोय :)

बोर्डवाले_काका
मी तीस वर्षं हेच केलं, परळपासून मुलुंडपर्यंत. पहिलं सांगतो, 32 चा लावू देऊ नका. कारण नंतर.

परागरावांचा हिशेब बिलासाठी बरोबर आहे, एमसीबीसाठी नाही. मीटर युनिट मोजतो, म्हणजे किती वॅट आणि किती वेळ. एमसीबीला महिन्याशी घेणंदेणं नाही, या घडीला तारेतून किती अँपिअर जाताहेत तेवढंच त्याला कळतं. फ्रिज दिवसभर चालतो, पण एका वेळी पाऊण अँपिअरसुद्धा घेत नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढतो, ते एमसीबी पचवतो. गीझर पाव तासच चालतो, पण त्या पाव तासात पावणेनऊ अँपिअर.

आता तुमची सकाळ. सगळ्या वस्तूंना दाब तोच, 230 व्होल्ट, कारण सगळ्या एकाच फेज-न्यूट्रलवर शेजारी शेजारी लागलेल्या. प्रत्येक जण आपापला करंट घेतो आणि त्यांची बेरीज एमसीबीमागच्या एका तारेतून येते. वॅटला 230 ने भागा. गीझर 8.7, इंडक्शन पूर्ण आचेवर 8.7, फ्रिज 0.7. झाले 18.1. 16 च्या वर गेलं तरी पडला नाही, बरोबर?

मायक्रोवेव्हचं एक बघा. 800 हा आकडा दारावरचा असेल तर ती अन्नाला मिळणारी ताकद. मागच्या पत्र्यावर इनपुट लिहिलेलं असतं, ते वाचून सांगा. तारेतून जातं ते.

मीनल_गिरगाव
फ्रिज सरकवून, अंग चोरून, झुरळांचं साम्राज्य ओलांडून वाचलं. 1200 लिहिलंय.

बोर्डवाले_काका
म्हणजे आणखी 5.2. एकूण 23.3 अँपिअर.

तुमच्या पाच-सात मिनिटांचा उलगडा यातच आहे. 16 चा म्हणजे 16.1 ला पडणारा नव्हे. आत एक दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकते तेव्हा खटका सुटतो. घरगुती एमसीबीचा नियम असा, की आकड्याच्या 1.13 पटीला तासभर पडता कामा नये आणि 1.45 पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. 16 च्या 1.13 पट म्हणजे 18.1. तुमचं गीझर-इंडक्शन-फ्रिज नेमकं त्या काठावर बसतं, म्हणून चालतं. 1.45 पट म्हणजे 23.2, मायक्रोवेव्ह लावला की तुम्ही तिथे. पट्टी आधीच गीझरने तापलेली, त्यात बोर्ड स्वयंपाकघरात असेल तर आणखी उकाडा, तास कशाला लागतोय. लगेच वर केला तर राहत नाही, कारण पट्टी अजून गरम असते. थोडक्यात एमसीबी बिघडलेला नाही, काम चोख करतोय.

दादर_चौकडी
आमच्या वेळी किटकॅट फ्यूज होते, तार जळली की दुसरी. सारखी जळायला लागली की दोन पदर घालायचे. घर काही जळलं नाही :) एमसीबी हे नाजूक काम.

बोर्डवाले_काका
दादा, एका बाबतीत तुमचं खरं आहे. किटकॅटची तार तिच्या आकड्याला जळत नाही, दीडपट-पावणेदोनपट करंटलाही बराच वेळ तग धरते. म्हणून तेव्हा कटकट कमी वाटायची. पण त्या वेळात भिंतीतली वायर तापत असायची, ती कोणी बघत नव्हतं. दोन पदर घातले की फ्यूज दुप्पट आणि वायर तेवढीच. नशीब चांगलं म्हणायचं.

32 ला नाही का म्हणतो, तेच कारण. फ्यूज असो की एमसीबी, तो मायक्रोवेव्हला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. म्हणून आकडा वायरकडे बघून ठरतो. तुम्हाला लागणारा करंट एमसीबीच्या आकड्याच्या आत हवा आणि एमसीबीचा आकडा वायरला झेपणाऱ्या करंटच्या आत. आज कॉन्सिल पाइपातून 2.5 स्क्वेअर मिमी तांब्याची वायर टाकली तर तिच्यावर 16, फार तर 20 लावतो. 1985 ची वायर आकड्याने बारीकच निघेल. त्यावर 32 लावला तर 23 अँपिअर रोज सकाळी बिनबोभाट जाणार. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे 16 ला जेवढी तापली असती त्याच्या दुपटीहून जास्त. 32 च्या 1.45 पट म्हणजे 46 अँपिअर, तोवर तो पडायची खात्री नाही.

एक विचारतो. गीझरचा किंवा इंडक्शनचा प्लग काढल्यावर हाताला गरम लागतो का? सॉकेटच्या भोकाशी रंग बदललाय का?

मीनल_गिरगाव
इंडक्शनच्या सॉकेटला उजव्या भोकाशी तपकिरी डाग आहे. मी हळदीचा समजत होते.

बोर्डवाले_काका
हळद नाही ती. आतली पकड सैल झालीय, तिथे तापतंय. सॉकेट बदला, आणि तोवर इंडक्शन तिथे लावू नका.

मुलुंडकर_73
आमचं पावसाळ्यात मेनच पडतं, जोराचा पाऊस झाला की हमखास. लोड काहीच नसतो. 40 चा लावलाय तरी. काका, मोठा लावू का?

बोर्डवाले_काका
तुमचं दुखणं निराळं. लोड नसताना, पावसात पडतो तो बहुतेक गळतीवाला असेल, त्यावर 30 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. 40 हा आकडा तो किती वाहू शकतो त्याचा, पडतो 30 मिलिअँपिअर गळतीला. बाहेरचा दिवा, गच्चीवरचा पंप, ओली भिंत शोधा. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

मीनल_गिरगाव
काल संध्याकाळी दुसरा वायरमन बोलावला. मेन बंद करून बोर्ड उघडला. वायर पांढरट दिसली. त्याने चाकूने खरवडलं, आतही पांढरीच. म्हणाला अ‍ॅल्युमिनियम. जाडी त्यालाही नक्की सांगता आली नाही, तीन पदरी आहे म्हणाला.

बोर्डवाले_काका
खरवडून बघितलं ते छान केलं. जुन्या काही वायरी तांब्याच्याच असतात, वर कथिलाचा मुलामा असतो, खरवडलं की आत लाल दिसतं. आतही पांढरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती कमी करंट झेपवते, शिवाय स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होते. तुमचा डाग तिथूनच आला असेल.

जाडी कळेपर्यंत 16 सुद्धा मला पटत नाही. 10 चा लावून घ्या. म्हणजे गीझर किंवा इंडक्शन, एका वेळी एकच, सोबत फ्रिज. 9.4 होतात. गैरसोय आहे, माहीत आहे.

पराग_डोंबिवली
काका, हे जरा जास्तच नाही का? आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमवर 16 चा आहे, वीस वर्षं झाली.

बोर्डवाले_काका
जाड असेल तुमची, 4 ची. मीनलताईंनी तीन पदर सांगितलेत, पण एकेक पदर केवढा ते कळल्याशिवाय मी 16 म्हणणार नाही. त्यांचा वायरमन म्हणाला तर त्याच्या जबाबदारीवर.

मीनलताई, कायमचं असं करा. गीझरला बोर्डापासून स्वतंत्र 2.5 ची तांब्याची लाइन, 16 चा एमसीबी. इंडक्शनला दुसरी, तशीच. मायक्रोवेव्ह, फ्रिज, मिक्सर तिसरीवर. मिळून 9.2, तिलाही नवी वायरच ओढा. तांबं-अ‍ॅल्युमिनियम पिळून जोडू देऊ नका. भिंत फोडायची नसेल तर पट्टी मारून वरून न्या, दिसायला तितकं वाईट दिसत नाही.

शेवटी मेन बघायचा राहतो. खालच्या मीटरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंतची वायर किती जाडीची आहे? बिलावर मंजूर भार किती किलोवॅट छापलाय? एसी आहे का?

मीनल_गिरगाव
एसी आहे, दीड टनी. बिल सापडलं की टाकते. वरची वायर घरमालकाची की आमची हे मात्र कोणी सांगत नाही. मीटरच्या खोलीत फ्यूज बदलायला तो पहिला वायरमन तयार होता!

बोर्डवाले_काका
मीटरअलीकडचं, सील असलेलं काही कोणाला उघडू देऊ नका, ते वीजपुरवठा करणाऱ्यांचं. मीटरच्या पुढची वायर तुमच्या बाजूची, पण जिन्यातून जाते म्हणून मालकाला विचारावं लागेल. दीड टनी एसी सात अँपिअर धरा. सकाळच्या 23 मध्ये तो आणि दिवे-पंखे मिळवले की 32 च्या आसपास येता. त्या वायरीची जाडी बघितल्याशिवाय मेनबद्दल मी काही बोलणार नाही.

शुभदा_के
मग मायक्रोवेव्ह विकताय का? किती वर्षांचा आहे?