मदत हवी आहे : परदेशी हॉटेलात कार्डाच्या यंत्राने बिल परस्पर डॉलरमध्ये लावले

पाऊलवाट :
माझे कार्ड डॉलरमधले आहे. युरो चालणाऱ्या देशात काल हॉटेल सोडताना बिल २४० युरो झाले. काउंटरवरच्या मुलीने यंत्राची एक कळ दाबून ते माझ्यापुढे धरले, मी पिन टाकला आणि पावती हातात आल्यावर वाचली. तिच्यावर २४० युरो, दर १.१५५ आणि खाली ठळक २७७.२० डॉलर असे छापलेले असून, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर ५ टक्के वाढ आणि ‘ग्राहकाने चलन स्वतः निवडले’ असे एक वाक्यही आहे. मला कोणीही काही विचारले नव्हते. यात माझे नेमके किती नुकसान झाले आणि आता काही करता येईल का?

सरळरेषा :
माझ्या समजुतीप्रमाणे आपण फायद्यात आहात. परदेशी चलनात पैसे दिले की आपली बँक साधारण ३ टक्के शुल्क लावते. बिल डॉलरमध्येच झाल्यामुळे ते वाचले, म्हणजे खरा फरक दोनच टक्क्यांचा राहिला. शिवाय नक्की किती पैसे जाणार हे जागेवरच कळले.

आकडेमोड :
रक्कम जागेवर कळते, हे सरळरेषा यांचे म्हणणे खरे आहे. युरोत पैसे दिले असते तर कार्डाच्या जाळ्याचा, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागला असता, आणि व्यवहार पुढे पोहोचेपर्यंत एक-दोन दिवसांत तो किंचित हललाही असता. शुल्क वाचते, हे मात्र गृहीत धरू नका. बऱ्याच बँका शुल्क लावताना दुकान कोणत्या देशात आहे हे पाहतात, आणि तुमचे हॉटेल परदेशातच आहे.

पावतीवरून हिशेब असा निघतो. १.१५५ मधून ५ टक्के वाढ काढली की मूळ दर १.१० येतो, आणि जाळ्याचा दर सहसा त्याच्या जवळपासच असतो. युरोत दिले असते तर २६४ डॉलर अधिक बँकेचे ३ टक्के, म्हणजे २७१.९२ डॉलर गेले असते. आता २७७.२० तर गेलेच आहेत, आणि त्यावर बँकेने तेच ३ टक्के लावले तर एकूण २८५.५२ होतील, म्हणजे १३.६० डॉलर जास्त. बँकेने शुल्क लावले नाही, तरीही ५.२८ जास्तच. यंत्राची वाढ बँकेच्या शुल्कापेक्षा कमी असेल आणि बँक ते शुल्क खरोखर सोडत असेल, तरच आपले चलन स्वस्त पडते. असा योग मी क्वचितच पाहिला आहे.

ती वाढ हॉटेल, त्याची बँक आणि ही सेवा पुरवणारी कंपनी यांच्यात वाटली जाते, म्हणून काउंटरवरून ती कळ इतक्या सहज दाबली जाते. कार्ड कोणत्या चलनाचे आहे हे यंत्राला कार्डक्रमांकाच्या सुरुवातीच्या अंकांवरून कळते. निवड मात्र कार्डधारकानेच करायची, असा जाळ्यांचा नियम आहे.

मुक्काम_पोस्ट :
म्हणजे विमानतळावर आधीच रोख युरो घेऊन ठेवावेत का?

आकडेमोड :
प्रश्न रोखीचा नाही. तिथल्या खिडकीवरही दरात वाढ मिसळलेलीच असते.

निळीछत्री :
माझ्या बाबतीत हेच एटीएमवर घडले. पडद्यावर ‘रूपांतर स्वीकारा’ आणि ‘रूपांतर नाकारा’ असे दोनच पर्याय होते. नाकारले तर पैसेच मिळणार नाहीत, या भीतीने मी दोनदा स्वीकारले. तिसऱ्या वेळी धीर करून नाकारले, तेव्हा नोटा तेवढ्याच आल्या. फक्त हिशेब माझ्या बँकेने केला. त्या पडद्याची भाषाच माणसाला घाबरवते, याचा मला अजूनही राग येतो.

आकडेमोड :
पाऊलवाट, लगेच काउंटरवर जा. दिवसाचे व्यवहार त्यांच्या बँकेकडे गेले नसतील, तर हा व्यवहार रद्द करून पुन्हा युरोत करून मागा. ते गेले असतील तर परताव्याला सहज होकार देऊ नका, कारण परतावा त्या दिवसाच्या दराने होऊ शकतो आणि मग रक्कम जुळत नाही. तेव्हा पावती जपून ठेवा आणि चलनाची निवड दिली नव्हती, याच मुद्द्यावर आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करा.

पाऊलवाट :
जाऊन आले. व्यवहार रात्रीच पुढे गेले आहेत. त्यांनी मला खोली घेताना सही केलेला अर्ज दाखवला. त्यात बारीक अक्षरांत ‘बिल कार्डाच्या चलनात आकारण्यास संमती’ अशी ओळ आहे. बँकेकडे तक्रार नोंदवली असून पावती आणि अर्ज या दोन्हींचे फोटो जोडले आहेत.

सरळरेषा :
मग सही ही संमतीच ठरणार.

आकडेमोड :
मला तसे वाटत नाही. सही केली तेव्हा दर आणि वाढ या दोन्ही गोष्टी समोर नव्हत्या, आणि त्या पाहिल्याशिवाय निवड कशाची करायची? पण बँक हे मान्य करील, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. असा अर्ज असताना कोणाची तक्रार मान्य झाली असेल, तर त्यांनी इथे लिहावे.