प्रतिसाद: शेपटी नसलेलं स्वॅलोटेल

“फोटोतलं फुलपाखरू काळं-निळं आहे, पण शेपटी नाही. म्हणजे स्वॅलोटेल नाहीच ना?”

नुसत्या शेपटीवर जाऊ नका. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन स्वॅलोटेल कुळातलंच आहे, तरी त्याला शेपटी नसते. मागच्या पंखाची आतली कड बघा. स्वॅलोटेलमध्ये ती खोलगट असते, त्यामुळे पोट उघडं राहतं. शिवाय मध पिताना पुढचे पंख सतत फडफडत असतात.

तुमच्या फोटोत पंख पाठीवर मिटलेले आहेत आणि पोट मागच्या पंखांच्या कडांत झाकलंय. व्हाइट कुळातलं फुलपाखरूसुद्धा असंच बसतं, पण सहाही पायांवर. इथे झूम केलं तर चारच पाय दिसतात, पुढची आखूड जोडी छातीशी दुमडलेली. म्हणजे हे ब्रश-फुटेड कुळातलं. फिकट निळ्या रेघा आणि छातीवरचे पांढरे ठिपके पाहता हा ब्लू टायगर.