पी = ०.०४ म्हणजे नक्की काय समजायचं? तातडीने मदत हवी आहे

अनुजा_व
एका मासिकासाठी लसीवर लेख लिहितेय, उद्या सकाळी द्यायचाय. मूळ पेपरात "पी = ०.०४" असं आहे. संपादकांचं म्हणणं, "लस ९६ टक्के खात्रीने काम करते" असं सरळ लिहून टाका, वाचकांना पी-बी कळत नाही. मला ते वाक्य खटकतंय, पण का खटकतंय ते त्यांना सांगता येत नाहीये. गणिताशी संबंध दहावीनंतर सुटला. कृपया लिंका देऊ नका, भरपूर वाचल्या. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याच ओळीत "नल हायपोथिसिस" येतं आणि माझी गाडी तिथेच अडते. साध्या मराठीत एक वाक्य हवंय.

तिरपांगडा
कोणती लस? किती लोकांवर चाचणी? कशाची कशाशी तुलना? नुसत्या ०.०४ वरून कोणी काय सांगणार?

निशिगंध
सोपं आहे हो. पी म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता. ०.०४ म्हणजे योगायोग ४ टक्के, उरलेले ९६ टक्के खरं. संपादक बरोबर आहेत. ०.०५ च्या खाली आलं की निकाल सिग्निफिकंट, विषय संपला. आम्ही कॉलेजात हेच शिकलो.

दिगंबर_मास्तर
दोन गटांचे आकडे एक्सेलमध्ये दोन स्तंभांत भरा आणि हे सूत्र टाका, पी लगेच मिळेल:

```
=T.TEST(A2:A41,B2:B41,2,3)
```

शेवटचा ३ विसरू नका. दोन्ही गटांतला चढउतार सारखा नसेल तर तोच लागतो. माझ्या प्रबंधाच्या वेळी मी तिथे २ टाकला असता तर परीक्षकांनी तिथेच अडवलं असतं.

अनुजा_व
मास्तर, पी काढायचा नाहीये, छापलेला आहे. तो वाचायचा कसा, एवढाच प्रश्न.
तिरपांगडा, एचआयव्हीची लस. थायलंडमधली चाचणी, नाव आरव्ही १४४, पेपर २००९ चा. सोळा हजारांवर लोक होते. अजून काय लागेल?

शेवंती
हे आधी सांगायला हवं होतं, कारण पी समजून घ्यायला या पेपराइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. कुठल्या गटात किती जणांना लागण झाली ते पेपरात पाहून इथे लिहा. आणि पी एकच दिलाय की जास्त, तेही बघा.

अनुजा_व
लस घेतलेल्यांपैकी ५१, खोटी लस घेतलेल्यांपैकी ७४. प्रत्येक गटात साधारण ८,२०० लोक. पी एकच आहे. निदान मी एकच पाहिला.

शेवंती
(वैद्यकीय चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.)

क्षणभर धरून चाला की लस म्हणजे नुसतं पाणी आहे. कोणाला लस आणि कोणाला खोटी लस हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं, आणि दोन्ही गट जवळजवळ सारखे मोठे. मग ज्या १२५ जणांना लागण झाली त्यांतला प्रत्येक जण या गटातला असण्याची आणि त्या गटातला असण्याची शक्यता सारखीच. म्हणजे १२५ वेळा नाणं उडवल्यासारखं. विभागणी साधारण ६२-६३ च्या आसपास यायला हवी, पण दर वेळी नेमकी तशी येणार नाही. कधी ५८-६७ येईल, कधी ७०-५५.

आता प्रश्न असा: पाणीच असतं, तरी ५१-७४ इतकी किंवा याहून मोठी तफावत, कोणत्याही बाजूला, किती वेळा दिसली असती? ढोबळ हिशेबाने शंभरातून चार-पाच वेळा. पेपरातलं ०.०४ ते हेच.

निशिगंध, तुमची गल्लत इथे होतेय. हा ४ टक्के आकडा "सगळा योगायोगच आहे" असं आधीच गृहीत धरून काढलाय. जे गृहीत धरलं त्याचीच शक्यता त्याच आकड्यातून परत कशी मिळेल? लस पाणी असेल तर असे आकडे दिसणं किती विरळा, एवढंच पी सांगतो. आकडे असे आहेत तर लस पाणी असण्याची शक्यता किती, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पीमध्ये नाही.

निशिगंध
हे शब्दांचे खेळ वाटतात. व्यवहारात फरक काय पडतो?

शेवंती
मोठा पडतो. समजा शंभर लसी चाचणीला आल्या आणि त्यांतल्या खरोखर चालणाऱ्या दहाच आहेत. चांगली चाचणी त्या दहांपैकी आठ पकडेल. उरलेल्या नव्वद पाण्यासारख्या, पण त्यांतल्याही शेकडा पाच, म्हणजे चार-पाच, नशिबाने ०.०५ च्या खाली येतील. एकूण बारा-साडेबारा "यशस्वी", आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त फुसक्या. तुमच्या हिशेबाने फार तर पाच टक्के फुसक्या निघायला हव्या होत्या.

कणाद५
म्हणूनच ०.०५ ही रेघच मुळात चुकीची. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली आणि लोक तिलाच धरून बसले. आमच्याकडे भौतिकशास्त्रात नवा कण सापडला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन त्याच कसोटीवर जाहीर झाला. म्हणजे कण नसताना असे आकडे योगायोगाने दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. सगळ्यांनी हेच करावं, प्रश्न मिटेल.

शेवंती
कणाद, तुमच्याकडे कणांच्या टकरी कोट्यवधींनी मिळतात. इथे एकेक माणूस वर्षानुवर्षं तपासावा लागतो. पाच सिग्माचा हट्ट धरला तर कित्येक उपयोगी औषधं कधीच मंजूर होणार नाहीत. रेघ कुठेही ओढा, रेघेच्या या बाजूचं आणि त्या बाजूचं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं मानणं हीच खरी अडचण.

कणाद५
मान्य नाही. कडक रेघ असती तर निदान हा धागा निघाला नसता.

तिरपांगडा
अवांतर नको. अनुजाताईंना उद्या सकाळी लेख द्यायचाय. मला एक शंका. ५१ आणि ७४ मधला फरक २३. पण लोक सोळा हजार. म्हणजे हजारी जेमतेम तिघांचा फरक?

शेवंती
बरोबर पकडलंत. साडेतीन वर्षांत हजारी साधारण नऊऐवजी सहा. हे पी कधीच सांगत नाही. परिणाम केवढा, ते त्याच्या शेजारी छापलेलं असतं. या पेपरात परिणामकारकता ३१.२ टक्के आणि तिची ९५ टक्क्यांची पट्टी १.१ पासून ५२.१ पर्यंत. अनुजा, तुमच्या वाचकाला खरं तर ही पट्टी दाखवा. खालचं टोक जवळजवळ शून्याला टेकलंय, वरचं टोक निम्म्याच्या पुढे. या आकड्यांशी "जेमतेम काही नाही" पासून "बऱ्यापैकी चांगली" पर्यंत सगळं जुळतं. "९६ टक्के खात्री" वाचून असं चित्र डोळ्यांपुढे येतं का?

आणि पेपर पुन्हा नीट बघा. पी एकच नाहीये.

अनुजा_व
बाप रे, खरंच. तीन आहेत! सगळ्या सहभागींना धरून ५६ विरुद्ध ७६, पी ०.०८. आणि ज्यांनी सगळे डोस ठरल्याप्रमाणे घेतले त्यांच्यात ३६ विरुद्ध ५०, पी ०.१६. मग ०.०४ कुठून आला? मला आता भीती वाटतेय की मी फसवाफसवीवर लेख लिहितेय.

निशिगंध
बघा! तीन हिशेब केले आणि चांगला दिसला तो पुढे केला. पी-हॅकिंग म्हणतात याला.

शेवंती
इतक्या घाईने शिक्का मारू नका. ५६-७६ मधून ५१-७४ होताना सात माणसं वगळली, पाच लसगटातली, दोन दुसऱ्या गटातली. या सातही जणांना पहिल्या डोसच्या आधीच लागण झालेली होती, असं नंतर रक्ताच्या नमुन्यांवरून कळलं. आधीच झालेली लागण कोणतीच लस टाळू शकत नाही, त्यामुळे त्यांना वगळणं तर्काला धरून आहे. पण वाचकाने हे लक्षात ठेवावं की सोळा हजारांतली फक्त सात माणसं इकडची तिकडे झाली आणि पी ०.०८ वरून ०.०४ वर आला, रेघ ओलांडून. इतक्या नाजूक पायावर "सिद्ध झालं" ही इमारत बांधू नये.

तिरपांगडा
आणि ०.१६? सगळे डोस नीट घेतलेल्यांत तर लस जास्त चालायला हवी. तिथेच निरुपयोगी ठरली?

शेवंती
निरुपयोगी ठरली असं नाही. पी बाजूला ठेवून परिणामकारकता बघा: ०.०८ वाल्या हिशेबात २६.४ टक्के, ०.१६ वाल्यात २६.२. जवळपास एकच! पी दुप्पट झाला कारण दुसऱ्या हिशेबात लागण झालेलेच कमी, १३२ ऐवजी ८६. माहिती कमी, म्हणून पी मोठा. मोठा पी म्हणजे "परिणाम नाही" असं नसतं, कधी नुसतं "अजून सांगता येत नाही" असंही असतं. पण तुमची शंका रास्त आहे. डोस पूर्ण घेतलेल्यांत परिणाम वाढलेला दिसला असता तर माझा विश्वास वाढला असता. तो तसा दिसला नाही.

दिगंबर_मास्तर
एक्सेलमध्ये अशा मोजणीसाठी CHISQ.TEST वापरता येईल. मी वर दिलेलं सूत्र सरासरींसाठी होतं.

कणाद५
मग पुढे काय झालं? पुन्हा चाचणी झाली असेलच. एका पीवर इतकी चर्चा करण्यापेक्षा प्रयोग पुन्हा करावा.

शेवंती
हे मात्र पटलं. दक्षिण आफ्रिकेत याच धर्तीच्या लसीची मोठी चाचणी झाली, एचव्हीटीएन ७०२. फेब्रुवारी २०२० मध्ये ती मध्येच थांबवली. तोवर लसगटात १२९ आणि दुसऱ्या गटात १२३ जणांना लागण झाली होती, म्हणजे फायद्याचा मागमूस नाही. पण लस तिथल्या विषाणूप्रमाणे बदललेली, परिणाम वाढवणारा घटकही वेगळा, लागणीचं प्रमाण खूप जास्त. त्यामुळे थायलंडचा निकाल योगायोग होता की लस तिथल्या परिस्थितीतच थोडी चालली, यावर जाणकारांत आजही एकमत नाही.

अनुजा_व
संपादकांना हे पाठवू का? "लसीचा काहीच उपयोग नसता, तरीही दोन गटांत इतका किंवा याहून मोठा फरक शंभरातून साधारण चार वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. लस घेतलेल्यांत लागण ३१ टक्क्यांनी कमी आढळली, पण खरा आकडा १ टक्क्याइतका क्षुल्लक किंवा ५२ टक्क्यांइतका मोठाही असू शकतो." आणि पुढच्या परिच्छेदात ते सात जण.

शेवंती
पाठवा. "असू शकतो" च्या आधी "या आकडेवारीनुसार" घाला. पट्टीच्या बाहेरचा आकडा अगदी अशक्य असतो असं वाचकाला वाटायला नको. आणि पुढचा परिच्छेद जागेअभावी कापू देऊ नका.

निशिगंध
एक राहिलंच. शंभर लसींतल्या दहाच चालणाऱ्या, हे दहा तुम्ही कुठून आणलंत? पन्नास धरले तर?

शेवंती
गृहीत धरले. पन्नास धरलेत तर चाळीस खऱ्या पकडल्या जातील आणि फुसक्या दोन-तीनच, मग तुमचं म्हणणं बरंच जवळ येतं. आरव्ही १४४ मधल्या दोन लसींपैकी एक आधी एकटी वापरून पाहिली होती आणि २००३ मध्ये ती फसली होती. म्हणून मी आकडा खाली धरते. तुम्ही वर धरू शकता.

निशिगंध
मग हा आकडाच पेपरात का देत नाहीत? वाचकाला हवा असतो तो तर हाच.

शेवंती
कारण तो किती धरायचा यावर दोन शास्त्रज्ञांचं एकमत होत नाही. काही जण देतात, आणि मग त्यावरच वाद होतो. द्यायला हवा की नको, याबद्दल माझंही अजून नक्की ठरलेलं नाही.