दोन डेकवाला सर्वात लांब सबॲरे : तुमचे अनुभव लिहा

सलग असा सर्वात लांब तुकडा हवा, ज्यात सगळ्यात मोठा नि सगळ्यात लहान आकडा यांच्यातला फरक लिमिटच्या वर जात नाही. एका डेकमध्ये मॅक्स, दुसऱ्यात मिन. कुणाला कुठे अडलं, कसं सुटलं ते इथे लिहा.

मीच सुरू करते. ज्युनियर्सना समजावताना मी `5 6 3 8 7 4`, लिमिट 4 घेते. 5 6 3 पर्यंत फरक 3, लांबी 3. मग 8 येतो तेव्हा मॅक्स डेकच्या मागून 3 नि 6 काढून टाकायचे, कारण 8 आत असेपर्यंत त्यांचा नंबर लागणारच नाही. पण मिनच्या तोंडाशी 3 अजून बसलेलाय, म्हणजे फरक 5. डावं टोक सरकवा, 5 गेला, 6 गेला, तरी फरक 5च, 3 बाहेर पडला तेव्हा कुठे सुटतं. पुढे 8 7 4, फरक 4, परत लांबी 3. उत्तर 3. एकदम तीन घरं सरकलं तरी वेळ n च्याच हिशोबात, कारण एका डेकमध्ये प्रत्येक आकडा एकदाच आत जातो नि फार तर एकदाच बाहेर.

कोकणी_कोडर: एवढं कशाला, सॉर्ट करून दोन पॉइंटर फिरवले की झालं, मी तसंच करतो

तात्या_७२: अहो, सॉर्ट केलं की सलगपणाच जातो, ते सबसेटसाठी ठीक आहे. खरी गोची डेकमध्ये व्हॅल्यू ठेवल्यावर होते. `2 2 6 6`, लिमिट 3 घ्या. मागचा सारखा आकडाही काढत असाल तर दोन 2 मिळून मिन डेकमध्ये एकच 2 उरतो, पहिला 2 बाहेर पडताना तोच उडतो, दुसरा 2 खिडकीत असून डेकला पत्ता नाही. उत्तर 3 येतं, खरं 2. इंडेक्स ठेवा, मग सारखे आकडे काढा नाहीतर ठेवा, काही बिघडत नाही:

```python
while mn and a[mn[-1]] >= a[i]:
    mn.pop()
mn.append(i)
```

डावं टोक सरकलं की `if mn[0] < l: mn.popleft()`.

शाल्मली: डावीकडून सरकवताना मी `while` ऐवजी `if` लिहिलं तरी सगळं पास झालं, टेस्ट कच्च्या आहेत बहुतेक

तात्या_७२: टेस्ट कच्च्या नाहीत हो. `if` ने खिडकी कधी आखडत नाही, मोठी होते ती फक्त फरक बसला तरच, म्हणून लांबी बरोबर येते. पण मधेच खिडकी पाहिलीत तर ती चुकीची असू शकते, वरच्या उदाहरणात 8 आल्यावर `6 3 8` दिसेल. तुकडाच हवा असेल तर `while` बरं.

द्राक्षबाग: माझं जरा वेगळंय. कोल्ड स्टोरेजच्या तापमानात सगळ्यात लांब स्थिर काळ शोधायला हेच वापरतो, पण सेन्सर मधेच बंद पडला की `nan` येतो, त्याच्याशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटीच निघते, म्हणून तो मागून निघत नाही, आणि डेकच्या तोंडाशी आला की फरकही `nan`, लिमिट ओलांडलंय हे कळतच नाही नि खिडकी वाढत सुटते. सध्या `nan` आला की दोन्ही डेक रिकामे करून पुढच्या घरापासून सुरू करतो, पण एक रीडिंग चुकलं म्हणून आख्खी रात्र तुटते ते पटत नाही. मधले वगळले तर तो काळ सलग म्हणायचा का? कुणी केलंय असं?