आधी ग्रेडचा तक्ता आणि क्रेडिट द्या

> ८२, ६१, ७४ पडलेत. सीजीपीए काढून द्या.

एवढ्यावर निघणार नाही. सरासरीला दहाने भागू नका; ७.२३ येईल, पण तो सीजीपीए नव्हे. किती मार्कांना कोणता ग्रेड पॉइंट, हे विद्यापीठागणिक बदलतं; तो तक्ता बहुधा मार्कशीटच्या मागे छापलेला असतो. मग प्रत्येक विषयाचे क्रेडिट पाहा.

समजा तक्त्यानुसार पॉइंट ९, ७, ८ आले. क्रेडिट ४, ४, २ असतील तर (३६ + २८ + १६) ÷ १० = ८.०. तेच क्रेडिट २, ४, ४ असतील तर ७.८. मार्क तेच, उत्तर वेगळं.

आणि हे एकाच सेमिस्टरचे मार्क असतील तर निघेल तो एसजीपीए. सीजीपीएला आधीच्या सगळ्या सेमिस्टरचेही पॉइंट आणि क्रेडिट लागतील, तेही इथे टाका.